छाती कोरडी होईपर्यंत

खानदेशात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही, त्याला ‘औषध’च म्हणतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कपाशीवर फवारणी जोरात असताना, रुग्णालयाच्या दारात कोणी ‘औषध पोटात गेलं’ असे म्हणाला की त्याचा अर्थ आम्हाला पुन्हा विचारावा लागत नाही. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत असताना अशाच एका रात्री साधारण बत्तीस वर्षांचा एक शेतकरी गाडीतून उतरवला गेला. शेतातल्या खोपटात कोणीतरी उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवले होते. दिवसभराच्या कामानंतर, दिवेलागणीच्या वेळी, त्याने तीच बाटली तोंडाला लावली होती.

“मॅडम, अंधारामा पानी समजीसन पिधं त्यानी. एकच घोट,” त्याचा धाकटा भाऊ म्हणाला. घोट घेऊन सव्वा तास होऊन गेला होता. वाटेत कोणीतरी त्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवली होती. हेतू चांगला होता, पण त्याचा परिणाम पुढे दोन दिवस आम्हाला त्याच्या छातीत ऐकू येत राहिला.

त्याला पाहताच निदान होण्यासारखे होते. अंगावर पाणी ओतल्यासारखा घाम, तोंडातून फेसाळ लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मिनिटाला ५२, वरचा रक्तदाब ९० आणि रक्तातील ऑक्सिजन ७८ टक्के. श्वासाबरोबर लसूण आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा वास येत होता. मांड्यांच्या आणि खांद्यांच्या स्नायूंत कातडीखाली किडे वळवळावेत तसे स्फुरण चालू होते. स्टेथोस्कोप छातीला लावल्यावर दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, फक्त बुरबुर ऐकू आली. तो स्वतःच्याच स्रावात बुडत होता.

हे सारे एकाच कारणाने घडते. मज्जातंतू जेव्हा ग्रंथीला, हृदयाला किंवा स्नायूला हुकूम देतो तेव्हा तो टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचा पदार्थ सोडतो. हुकूम पोहोचताच तो पदार्थ तिथून नाहीसा व्हायला हवा, नाहीतर तोच हुकूम पुन्हापुन्हा वाजत राहील. हे सफाईचे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर करते, आणि त्याचा वेग असा की एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन फोडतो. त्याने प्यायलेल्या औषधाचा गट ऑर्गनोफॉस्फेट; त्यातला फॉस्फरस या विकराच्या नेमक्या कामाच्या जागी, सेरीन नावाच्या घटकावर, जाऊन चिकटतो. ॲसिटिलकोलीन फोडताना विकर त्याच जागी काही क्षण अडकते आणि लगेच मोकळे होते. फॉस्फरस चिकटल्यावर मात्र ते तासन्‌तास, कधी कायमचे, मोकळे होत नाही. मग ॲसिटिलकोलीन साठत जाते, ग्रंथी पाझरतच राहतात, हृदय मंदावत जाते, श्वासनलिका आवळल्या जातात आणि स्नायू आधी थरथरतात, नंतर थकून लुळे पडतात.

पहिली दहा मिनिटे विचाराची नव्हती. त्याला डाव्या कुशीवर वळवून तोंडातील स्राव सक्शनने ओढला, ऑक्सिजन लावला, दोन्ही हातांत शिरा मिळवल्या आणि एक रक्तनमुना कोलिनेस्टरेजच्या तपासणीसाठी काढून ठेवला. त्या तपासणीचा अहवाल आमच्याकडे दोन दिवसांनी येतो, त्यामुळे उपचार त्यासाठी कधीच थांबत नाही. कपडे कापून पिशवीत बांधले आणि एका ब्रदरनी हातमोजे घालून त्याचे अंग, केस आणि नखे साबणाने धुतली. नातेवाईक “पोट धुवा, पोट धुवा” म्हणत होते. मी ते केले नाही. घोट एकच होता, एक तास उलटला होता, उलटी झालेली होती, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या पोटात नळी घालताना या औषधातला रॉकेलसारखा द्रावक फुप्फुसात गेला तर होणारे नुकसान पोट धुण्याच्या फायद्यापेक्षा मोठे ठरले असते.

या विषाचा पहिला उतारा म्हणजे ॲट्रोपिन, आणि त्याची आमच्याकडची अँप्युल ०.६ मि.ग्रॅ.ची असते. मी तीन अँप्युल, म्हणजे १.८ मि.ग्रॅ., शिरेतून दिल्या आणि घड्याळाकडे पाहिले. पाच मिनिटांनी नाडी ६४ झाली होती, पण छातीत बुरबुर तशीच होती. या उपचाराचा नियम असा, की पाच मिनिटांत पुरेसा फरक नसेल तर मागच्या मात्रेच्या दुप्पट द्यायची. सहा अँप्युल दिल्या. पुन्हा पाच मिनिटांनी नाडी ९६ झाली, आणि याच ठिकाणी माझ्याबरोबर असलेला नवखा डॉक्टर म्हणाला, “मॅडम, नाडी वाढली, आता थांबूया का?”

हा प्रश्न मी अनेक वर्षे अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो स्वाभाविक आहे. साध्या रुग्णात एक अँप्युलही पुष्कळ असते. इथे आपण नऊ देऊन बसलेलो असतो आणि हात थबकतो. परंतु नाडी हा अनेक खुणांपैकी एक भाग झाला. या विषबाधेत पहिल्या काही तासांत माणूस दगावतो तो मुख्यतः श्वास कोंडून, त्यामुळे मात्रा पुरली की नाही याचा निकाल फुप्फुसांनी द्यायचा असतो. दोन्ही बाजूंची बुरबुर गेली पाहिजे, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या आणि बाहुल्या टाचणीएवढ्या राहता कामा नयेत, अशा या पाच खुणा आहेत. बाहुल्या बऱ्याचदा सर्वांत उशिरा बदलतात, म्हणून एकट्या बाहुल्यांवर मी कधी विसंबले नाही. काख मात्र फसवत नाही. हात घालून पाहिला की ओली की कोरडी हे कळते.

त्याची काख ओलीच होती. बारा अँप्युल दिल्या, म्हणजे ७.२ मि.ग्रॅ. एक सिस्टर ट्रे समोर घेऊन केवळ अँप्युल फोडत बसल्या होत्या, त्यांच्या दोन बोटांना काच लागली होती. या वेळी पाच मिनिटांनी फरक स्पष्ट ऐकू आला. छातीच्या वरच्या भागात स्वच्छ श्वास, खाली अजून थोडी बुरबुर. सुधारणा सुरू झाली की दुप्पट करायची गरज राहत नाही, म्हणून तितकीच मात्रा पुन्हा दिली. त्यानंतर डावी बाजू पूर्ण मोकळी झाली, काखा कोरड्या झाल्या, नाडी ११२, रक्तदाब ११० आणि ऑक्सिजन ९४. वीस मिनिटांत एकूण १९.८ मि.ग्रॅ., म्हणजे तेहतीस अँप्युल.

उजव्या फुप्फुसाच्या तळाशी मात्र खरखर राहिली होती. ती ॲट्रोपिनने जाणारी नव्हती, कारण ती पाझर नव्हती; मिठाच्या पाण्याच्या उलटीबरोबर श्वासनलिकेत गेलेल्या अन्नाची आणि द्रावकाची होती. सर्वत्र सारखी असलेली बुरबुर विषाची आणि एकाच जागी अडून बसलेली खरखर बहुधा उलटी आत गेल्याची, हा भेद केला नाही तर त्या एका कोपऱ्यासाठी माणसाला ॲट्रोपिनचे विष चढेपर्यंत आपण मात्रा देत बसतो.

एवढ्यात भाऊ दारात आला. मी त्याला औषधाची मूळ बाटली मागितली तेव्हा तो म्हणाला होता, “वावरमाच शे, मी लगेच लई येस,” आणि खरोखरच मोटरसायकलवर जाऊन घेऊन आला होता. बाटलीवर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत होते, त्याचा मला उपयोग नव्हता. खाली बारीक अक्षरांत क्लोरपायरीफॉस २० टक्के असे होते आणि चौकोनात पिवळा त्रिकोण होता. ते बारीक अक्षर दुसऱ्या उताऱ्यासाठी महत्त्वाचे होते.

ॲट्रोपिन विषाला हात लावत नाही. ते ॲसिटिलकोलीन कमी करत नाही आणि विकरही सोडवत नाही. ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिका यांवर ॲसिटिलकोलीनचा हुकूम झेलणाऱ्या ज्या ग्राहकांना मस्कॅरिनिक म्हणतात, त्या जागा ते स्वतः अडवून बसते, एवढेच. भावाला मी हे केळीच्या बागेच्या भाषेत सांगितले. पाटाला पाणी तुंबले आहे, निचरा बंद झाला आहे; ॲट्रोपिन म्हणजे वाफ्याच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध. वाफा वाचतो, पण पाटातले पाणी तसेच असते, आणि पाणी चढले तर बांधही चढवावा लागतो, म्हणून मात्रा दुप्पट करीत जायची. शिवाय या पाटावर दुसरा एक वाफा आहे, स्नायूंचा, जिथले ग्राहक निकोटिनिक असतात. तिथे हा बांध बसतच नाही. त्याच्या मांड्यांतले स्फुरण तेहतीस अँप्युलनंतरही तसेच होते, ते यामुळे.

निचरा मोकळा करण्याचे काम प्रॅलिडॉक्सिमचे. वॉर्डात आम्ही त्याला ‘पॅम’ म्हणतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन आणि सारा गिन्सबर्ग यांनी १९५५ मध्ये ते पुढे आणले, आणि त्याची घडण विचारपूर्वक आहे. त्याच्या एका टोकाला धनभार आहे, जो विकराच्या कामाच्या जागेजवळ ओढला जाऊन रेणूला नेमका बसवतो. दुसऱ्या टोकाला ऑक्सिम गट आहे, जो फॉस्फरसवर हल्ला करून त्याला सेरीनवरून उचलतो आणि आपल्याबरोबर घेऊन जातो. विकर मोकळे होते आणि पुन्हा कामाला लागते.

याला एक मुदत आहे. चिकटलेला फॉस्फरस काही काळाने आपल्या बाजूचा एक कार्बनी गट गमावतो, आणि त्यानंतर तो इतका पक्का होतो की पॅम त्याला हलवू शकत नाही. याला विकराचे वार्धक्य म्हणतात. ही मुदत किती, हे औषधाच्या जातीवर ठरते. ज्यांच्या फॉस्फरसला दोन इथिल गट असतात, जसे क्लोरपायरीफॉस किंवा क्विनालफॉस, त्यांत निम्मे विकर पक्के व्हायला सुमारे ३३ तास लागतात. ज्यांना दोन मिथिल गट असतात, जसे मोनोक्रोटोफॉस किंवा डायमेथोएट, त्यांत केवळ ३.७ तास. प्रोफेनोफॉससारखी काही या दोन्हींत बसत नाहीत आणि त्यांचे वार्धक्य फार वेगाने येते. म्हणून मला बाटलीवरचे बारीक अक्षर हवे होते. आमच्या रुग्णाला दोनच तास झाले होते आणि औषध इथिलचे होते, म्हणजे जवळपास सगळे विकर अजून सुटण्याजोगे होते.

वजन ५० किलो धरले. किलोला ३० मि.ग्रॅ. या हिशेबाने दीड ग्रॅम पॅम सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात दिले, आणि पुढे किलोला ताशी ८ मि.ग्रॅ. म्हणजे ताशी ४०० मि.ग्रॅ. चालू ठेवले. सिस्टरांना मी बजावले होते की हे कधीही झपकन ढकलायचे नाही, कारण वेगाने दिल्यास उलटी, रक्तदाबाची उसळी, स्नायूंचा ताठरपणा आणि क्वचित हृदय बंद पडणेही घडते. ॲट्रोपिन आधी, पॅम त्याच्या मागे, आणि पॅम सुरू झाले म्हणून ॲट्रोपिन थांबवायचे नाही, हा क्रम मी कधी बदललेला नाही. ॲट्रोपिनही आता थेंबाथेंबाने सुरू केले. सुरुवातीच्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला देतात. मी १५ टक्के धरून ताशी ३ मि.ग्रॅ. ठेवले. पूर्वी आम्ही ठरावीक वेळाने अँप्युल टोचत असू. बांगलादेशात चितगावला झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुप्पट-दुप्पट मात्रा व नंतर सलग थेंब या पद्धतीने ८ टक्के रुग्ण दगावले, तर जुन्या पद्धतीने २२.५ टक्के, हे वाचल्यापासून आम्ही ती पद्धत सोडली.

पॅम काम करते आहे हे कशावरून ओळखायचे, असे मला पुष्कळदा विचारले जाते. नाडीवरून आणि काखेवरून ते कळत नाही, कारण तिथे ॲट्रोपिनचा बांध आहे. जिथे ॲट्रोपिन पोहोचत नाही तिथे, म्हणजे स्नायूंत, पाहावे लागते. मी दर तासाला त्याच्या मांडीवर हात ठेवत होते आणि माझी दोन बोटे त्याला दाबायला सांगत होते. मध्यरात्रीपर्यंत स्फुरण तुरळक झाले आणि पकड घट्ट झाली.

पहाटे तीनला सिस्टरांनी उठवले. तो हवेत काहीतरी वेचत होता, गादी ओढत होता, भावाला ओळखत नव्हता. अंग तापून १०२ झाले होते, कातडी कोरडी ठणठणीत होती, नाडी १४० आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवल्यावर आतड्यांचा आवाज अजिबात नव्हता. खेड्यात धोत्र्याचे बी खाल्लेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र परके नाही. धोत्र्यातही हेच ॲट्रोपिनच्या जातीचे द्रव्य असते. विष उतरू लागले होते आणि आमचा बांध गरजेपेक्षा उंच राहिला होता. ॲट्रोपिन पूर्ण बंद केले, ओल्या फडक्याने अंग पुसले, तुंबलेल्या लघवीसाठी नळी घातली. सुमारे पाऊण तासाने पोटात गुडगुड ऐकू आली, तेव्हा आधीच्या वेगाच्या ७० टक्के म्हणजे ताशी २.१ मि.ग्रॅ.ने पुन्हा सुरू केले. सकाळी त्याने भावाला नावाने हाक मारली.

तिसऱ्या रात्री ॲट्रोपिन कमी करीत आणले असताना काख पुन्हा ओली झाली आणि छातीत बुरबुर आली. क्लोरपायरीफॉस चरबीत साठते आणि तिथून हळूहळू बाहेर पडते. शिवाय ते स्वतः फारसे घातक नसून यकृतात त्याचे ऑक्सॉन हे घातक रूप झाल्यावर विकराला चिकटते, त्यामुळे त्याचा त्रास मागून येऊ शकतो. तीन अँप्युल दिल्या, वेग वाढवला आणि पॅम बंद करण्याचा विचार पुढे ढकलला. सातव्या दिवशी तो घरी गेला. उजव्या तळाची खरखर तोपर्यंत प्रतिजैविकांनी विरली होती.

त्याच हंगामात काही आठवड्यांनी सातपुड्याच्या एका पाड्यावरून एक मजूर आला, आणि त्याची कथा वेगळी झाली. गळक्या पंपाने दिवसभर मोनोक्रोटोफॉस फवारून, ओल्या कपड्यांतच तो घरी झोपला होता. रात्री उलट्या-जुलाब सुरू झाल्यावर हगवण समजून आधी सलाईन लावले गेले. आमच्याकडे पहाटे पोहोचला तेव्हा फवारणी संपून अकरा तास झाले होते आणि तेच कपडे अंगावर होते. ॲट्रोपिनने त्याची छाती मोकळी झाली. पॅमही दिले. पण अकरा तास म्हणजे मिथिल गटाच्या वार्धक्याचे तीन अर्धायू, आणि सुरुवातीला अडकलेल्या विकराचा ढोबळ हिशेबाने आठवा हिस्साच सोडवण्याजोगा राहिला होता. त्याच्या मांडीवर हात ठेवून मी तास मोजत राहिले, स्फुरणात फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी त्याला उशीवरून मान उचलायला सांगितली. मान उचलली गेली नाही. छाती स्वच्छ, काखा कोरड्या, माणूस शुद्धीवर, तरी मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू सोडून देऊ लागतात, हा प्रकार १९८७ मध्ये श्रीलंकेतील सेनानायके आणि कराल्लीयेद्दे यांनी ‘मधली अवस्था’ म्हणून वर्णिला. ती साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसांदरम्यान येते. एका श्वासात तो सकाळी बावीसपर्यंत अंक मोजत होता, सायंकाळी नऊवर थांबू लागला. या अवस्थेत ॲट्रोपिन वाढवून काहीच साधत नाही. ऑक्सिजनचा आकडा पडण्याची वाट न पाहता आम्ही श्वासनलिकेत नळी घातली आणि त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी कृत्रिम श्वसनयंत्रासाठी पाठवले.

पॅमबद्दल डॉक्टरांत एकमत नाही, आणि याचे कारण या दोन माणसांत दिसते असे मला वाटते. आपल्याच राज्यातील बारामतीच्या चाचणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, मध्यम तीव्रतेच्या २०० रुग्णांना आधी २ ग्रॅम देऊन नंतर निम्म्यांना दर तासाला १ ग्रॅम सलग ४८ तास दिले, आणि दर चार तासांनी १ ग्रॅम मिळालेल्या बाकीच्यांपेक्षा त्यांच्यात कमी रुग्ण दगावले. श्रीलंकेत २३५ रुग्णांवरील २००९ च्या चाचणीत मात्र पॅमने रक्तातील विकर सुटले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. बारामतीचे रुग्ण लवकर पोहोचलेले आणि नीट देखरेखीखाली होते. श्रीलंकेत अनेकांनी पुष्कळ विष घेतलेले होते आणि औषधे वेगवेगळी होती. मी स्वतः पॅम देते ते विष कोणते आणि वेळ किती झाला हे पाहून. शंका असेल तर लवकर देते, पण ते मिळत नाही म्हणून कोणाला पुढे पाठवताना ॲट्रोपिन थांबवत नाही. रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर मी तीन गोष्टी ठळक लिहिते: अंगात शिरल्याची वेळ, बाटलीवरचे बारीक अक्षरातले नाव आणि आतापर्यंत दिलेले एकूण ॲट्रोपिन.

पाड्यावरचा तो मजूर अकरा दिवस यंत्रावर होता. या अवस्थेत वाट पाहणे हाच उपचार उरतो, कारण पक्क्या झालेल्या विकराच्या जागी शरीराला नवे तयार करावे लागते. बाराव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी दूरध्वनीवर सांगितले की त्याने मान उशीवरून उचलली आणि दहा अंक मोजेपर्यंत तशीच धरून ठेवली.